अण्णांची तिथी, दादाचं न्यू जर्सी आणि शहापूरचे गुरुजी

अण्णांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, पहिलं वर्षश्राद्ध दादानं बेळगावात येऊन केलं होतं. दुसऱ्या वर्षी व्हिसाचे कागद अडकले आणि त्याला न्यू जर्सी सोडता येईना. "मी इथंच करतो, पण नीट करतो. गुरुजींना विचार," असं त्यानं फोनवर सांगितलं आणि पुढची सगळी जुळवाजुळव माझ्याकडे आली. त्यात काय काय करावं लागलं ते सविस्तर लिहिते, कारण सीमाभागातल्या आमच्यासारख्या कितीतरी घरांत आता एक भाऊ परदेशात आणि बाकीचे बेळगाव, निपाणी, खानापुरात अशी स्थिती आहे.

सुरुवातीला एका सेवेकडे चौकशी केली होती. त्यांचा प्रस्ताव असा, की रविवारी दुपारी त्यांचे पुरोहित बेळगावात श्राद्ध करणार, दादानं ते व्हिडिओवर बघायचं आणि पैसे भरायचे. दादाला ते पटलं नाही, मलाही नाही. बेळगावातली दुपार म्हणजे त्याच्याकडे पहाटेचे तीन-चार. शिवाय त्यात दादा फक्त बघणारा होता. मग मी बेळगावातल्याच शहापूरच्या आमच्या गुरुजींकडे गेले. अण्णांचे दिवस त्यांनीच केले होते.

गुरुजींचा पहिलाच प्रश्न होता, "दादा बसणार कुठं? त्याच्या गावचा सूर्य कधी उगवतो, कधी मावळतो, ते आधी आण."

मला वाटलं होतं तिथी तर ठरलेलीच आहे. अण्णांची तिथी कार्तिक वद्य पंचमी, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात ती रविवारी छापलेली. दादानंही रविवार धरून ठेवला होता. पण गुरुजींनी दाते पंचांग उघडलं आणि वहीवर आकडे मांडून दाखवले. तिथी लागण्याचा आणि संपण्याचा क्षण सगळ्या जगात एकच असतो, घड्याळं मात्र वेगळी. त्या वर्षी पंचमी आपल्याकडे शनिवारी रात्री 11:40 ला लागत होती आणि रविवारी रात्री 9:50 ला संपत होती. आता वार्षिक श्राद्धाला तिथी बघायची ती अपराह्णातली. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या दिवसाचे पाच सारखे भाग करायचे: प्रातः, संगव, मध्याह्न, अपराह्ण, सायाह्न. त्यातला चौथा भाग अपराह्ण. बेळगावात नोव्हेंबरात तो साधारण दीड ते पावणेचार येतो. रविवारी त्या वेळेत पंचमी पूर्ण आहे, म्हणून कॅलेंडरात रविवार. इथवर सगळं बरोबर.

दादाच्या गावी मात्र हिशोब उलटतो. तिथं त्या दिवसांत सूर्य 6:40 च्या सुमारास उगवतो आणि 4:35 ला मावळतो. दिवस जेमतेम दहा तासांचा, म्हणजे एकेक भाग दोन तासांचा, आणि अपराह्ण दुपारी 12:37 ते 2:36. तिथल्या घड्याळानं पंचमी लागते शनिवारी दुपारी 1:10 ला आणि संपते रविवारी सकाळी 11:20 ला. म्हणजे रविवारच्या अपराह्णात तिथं पंचमी उरतच नाही, षष्ठी लागलेली असते. शनिवारी मात्र 1:10 पासून 2:36 पर्यंत अपराह्णही आहे आणि पंचमीही आहे. "दादाचं श्राद्ध शनिवारी," गुरुजी म्हणाले, "आणि आपल्याकडे तेव्हा रात्रीचे पावणेबारा. मी जागतो की."

मी विचारलं, "रात्री श्राद्ध चालतं का?" त्यावर त्यांनी जे सांगितलं त्यावर आमची पुढची सगळी मांडणी उभी राहिली. ते म्हणाले, "रात्र माझ्याकडं आहे, कर्त्याकडं दुपार आहे. मी सांगणारा, करणारा तो. काळ, देश, दिशा, सगळं त्याचं धरायचं." आमच्या नात्यातल्या, कन्नड पंचांग मानणाऱ्या एका घरातल्या पुरोहितांनी वेगळं मत दिलं: तिथी जन्मभूमीची, रविवारच धरा. तसं करणारेही आहेत. आम्ही आमच्या गुरुजींचं ऐकलं, कारण संकल्प म्हणणाऱ्याच्या डोक्यावर जो सूर्य आहे त्यावरच तो संकल्प उभा असतो, हे मला पटलं.

एक गोष्ट सहज चुकू शकली असती. हे बोलणं झालं तेव्हा ऑक्टोबर होता आणि दादाचं घड्याळ आपल्यामागं साडेनऊ तास होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळ एक तास मागं घेतात, मग अंतर साडेदहा तासांचं होतं. कार्तिक वद्य पंचमी नेहमी त्या बदलानंतरच येते. ऑक्टोबरच्या अंतरानं कुणी "तुमच्याकडचे दोन, आमच्याकडचे साडेअकरा" असं लिहून ठेवलं, तर श्राद्धाच्या दिवशी गुरुजी इकडं साडेअकराला बसतात आणि कर्ता तिकडं तासभर उशिरा. म्हणून मी निरोपात दोन्ही गावांची वेळ, वार आणि तारीख अशा तिन्ही गोष्टी लिहिल्या आणि घड्याळ बदलल्यावर पुन्हा एकदा दादाकडून खात्री करून घेतली.

मग प्रकार ठरला. सांकल्पिक विधी केला तर पिंड नाहीत, अग्नौकरण नाही, काम सोपं. दादाला पिंडदान करायचंच होतं. गुरुजींनी ते मान्य केलं, पण दोन गोष्टी बदलल्या. लाकडी घर, छताला धुराचा अलार्म, तेव्हा होम नको. अग्नौकरणाच्या आहुती पाणिहोमानं, म्हणजे अग्नीऐवजी हातावर, द्यायच्या. आणि श्राद्धाला बसायला तिथं ब्राह्मण मिळणं कठीण, म्हणून त्यांच्या जागी दर्भाचे चट मांडायचे: देवांकडचे पूर्वेला तोंड करून, पितरांकडचे उत्तरेला तोंड करून. खऱ्या माणसांचं भोजन तिथं होणार नव्हतं, म्हणून दोघा ब्राह्मणांचा शिधा आणि दक्षिणा रविवारी सकाळी मी बेळगावात द्यायची, पैसे दादानं आधी पाठवायचे. "दक्षिणा कर्त्याच्या पैशाची पाहिजे, तुझ्या नाही," हे गुरुजींनी दोनदा बजावलं.

साहित्याची यादी मी त्यांच्या तोंडून लिहून घेतली आणि वहिनींना पाठवली. इथून काही पाठवायचं नाही असं ठरवलं. अमेरिकेत बी-बियाणं, वनस्पती यांची विमानतळावर नोंद करून द्यावी लागते आणि तपासनीस ते काढूनही घेऊ शकतात. ऐन वेळी दर्भच गेला तर काय करायचं? वहिनींना ओक ट्री रोडवरच्या दुकानांत बहुतेक सगळं मिळालं. काळे तीळ घ्यायचे, पांढरे चालत नाहीत. देवांसाठी जव. दर्भाची जुडी. मध, गाईचं दूध, तूप, तांदूळ, पांढरं गंध, तुळस आणि पांढरी फुलं, तांबडं फूल एकही नको. माका तिथं मिळेना, तो गुरुजींनी सोडून दिला. केळीची पानं गोठवलेली मिळतात. ती आदल्या रात्री बाहेर काढून पुसून ठेवायची, नाहीतर घडीवर चिरतात. पवित्रकं दादाला वळायला जमली नाहीत तर सोन्याची अंगठी अनामिकेत घालायला गुरुजींनी मुभा दिली होती, पण तालमीत दादानं ती वळायला शिकून घेतली.

स्वयंपाक वहिनींचा. भात, वरण, खीर, उडदाचे वडे, आमसुलाची चटणी, अळूची भाजी, कढी. कांदा-लसूण अर्थातच नाही. पिंडाच्या भातावरून मात्र बरंच बोलणं झालं. वहिनी रोज बासमती करतात आणि तो सुटा होतो. तालमीत दादानं पिंड वळून दाखवला तर हातातून खाली ठेवताच त्याला तडा गेला. गुरुजी म्हणाले, जाड, चिकट तांदूळ घ्या, पाणी जास्त घाला आणि गरम असतानाच तूप, मध, दूध, तीळ घालून मळा. दर्भावर ठेवल्यावर पिंडाला तडा गेला नाही, तो बसका झाला नाही, की भात जमला असं समजायचं. लिंबाएवढे तीन पिंड: वडील, आजोबा, पणजोबा.

तालीम आधीच्या शनिवारी घेतली आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट तीच ठरली. दादानं लॅपटॉप पाटासमोर जमिनीवर ठेवला होता. गुरुजींना त्याची हनुवटी आणि छत दिसत होतं, हात दिसतच नव्हते. मग लॅपटॉप स्टुलावर समोर गेला, आणि दुसरा फोन डाव्या बाजूला पुस्तकांच्या थप्पीवर तिरका लावला, वरून ताम्हण, पान आणि हात दिसतील असा. हा दुसरा फोन आवाज बंद करून जोडायचा. दोन्हींचा आवाज सुरू राहिला तर किंचाळल्यासारखा प्रतिध्वनी येतो. फोनमधल्या होकायंत्रानं दक्षिण शोधून जमिनीवर टेप चिकटवला, कारण देवांचं करताना पूर्वेला आणि पितरांचं करताना दक्षिणेला तोंड हवं, आणि त्या फिरण्यात कॅमेऱ्याकडं पाठ होता कामा नये.

सव्य-अपसव्याचा घोळही तालमीतच निघाला. देवांचं करताना जानवं डाव्या खांद्यावर, पितरांचं करताना उजव्या. पडद्यावर दादाला स्वतःचं चित्र आरशासारखं उलटं दिसत होतं, आणि समोर तोंड करून बसलेल्या गुरुजींचा डावा खांदा त्याच्या उजव्या बाजूला दिसत होता. गुरुजी करून दाखवायचे आणि दादा नेमकं उलटं करायचा. झूमच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये Mirror my video बंद केलं, तेव्हा निदान स्वतःचं चित्र सरळ झालं. आणि गुरुजींनी दाखवणंच सोडलं. त्यांनी दादाला डाव्या मनगटावर घड्याळ घालायला लावलं आणि त्यानंतर ते फक्त "घड्याळाचा खांदा" आणि "दुसरा खांदा" एवढंच म्हणत. त्यानंतर एकदाही चुकलं नाही.

आवाजाचंही तसंच. झूम मागचा गोंगाट कापतं, आणि मंत्राचा एकसुरी, खालचा स्वर त्याला गोंगाट वाटतो. गुरुजींची निम्मी ओळ गायब व्हायची. माझ्या लॅपटॉपवर Original sound for musicians चालू केल्यावर स्वर सलग पोचायला लागला. तरी दोघांनी एकदम म्हणणं जमत नाही, आवाज जायला वेळ लागतो आणि शब्द एकमेकांवर चढतात. म्हणून गुरुजी मंत्राचे छोटे तुकडे पाडत, थांबत, दादानं म्हटलेलं ऐकत, मगच पुढचा. त्यामुळे घरी तासात होणारी गोष्ट दीड तासाची होते. आमच्या हाताशी दादाकडचा अपराह्ण दीड तासाहून कमी उरत होता, म्हणून चट मांडणं, पानं लावणं, पवित्रकं वळणं हे सगळं पंचमी लागण्याआधी उरकायचं ठरलं. फुकटची झूम बैठक चाळीस मिनिटांत तुटते. दादानं त्याच्या पैसे भरलेल्या खात्यावरून दुवा काढला.

बाकीच्या नातेवाइकांना मी छोटा निरोप पाठवला. निपाणीची आत्या, कोल्हापूरचा चुलतभाऊ, पुण्याची मावशी यांना बघायचं होतं. दुवा रात्री अकराला सुरू, आत आल्यावर आवाज बंद, नमस्कार-चमत्कार लेखी नकोत, पडद्याचे फोटो नकोत, आणि कुणालाही मध्येच काही सुचवावंसं वाटलं तर फोन मला. आत्याला जागरण झेपेल का अशी मला शंका होती, पण भावाचं श्राद्ध म्हणून ती शेवटपर्यंत बसली.

दादाला मी आणखी एक कागद पाठवला होता, मोठ्या अक्षरात: गोत्र, आणि तिन्ही पिढ्यांची नावं कुठल्या शब्दाबरोबर म्हणायची ते. वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. पणजोबांचं नाव आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. ते आत्याकडून विचारून घेतलं. हे ज्या दिवशी ठरतं त्याच दिवशी विचारावं, विधी चालू असताना नव्हे.

शनिवारी रात्री मी आणि हे साडेदहाला शहापुरात पोचलो. गुरुजी सोवळं नेसून बसले होते, समोर रिकामं ताम्हण आणि पळी. त्यांच्यापुढं भात नव्हता, तीळ नव्हते. "इथं मी पिंड वळला तर श्राद्ध कुणाचं व्हायचं? मी नुसत्या हातानं दाखवणार," ते म्हणाले. अकराला दुवा जोडला, तिकडं साडेबारा. तयारी झाली, चट बसले, आणि 11:40 ची वाट बघत आम्ही थांबलो.

संकल्प आला तेव्हा गुरुजींनी आपल्याकडचा गोदावरीच्या दक्षिण तीराचा उल्लेख घेतला नाही. अमेरिकेतल्या देवळांतले पुरोहित म्हणतात तसं क्रौंचद्वीपे, रमणकवर्षे, ऐंद्रखंडे म्हटलं, आणि वार मंदवासरे, म्हणजे शनिवार. दादानं सावकाश, एकेक शब्द म्हटला.

देवांचं झालं, घड्याळाच्या खांद्यावरून जानवं दुसऱ्या खांद्यावर गेलं आणि तो दक्षिणेकडं वळला. इथं वरच्या कॅमेऱ्याचा खरा उपयोग झाला. पितरांना पाणी सोडायचं ते बोटांच्या टोकांवरून नव्हे, अंगठा आणि तर्जनीच्या मधून, पितृतीर्थानं. दादा पहिल्यांदा सवयीनं बोटांवरून सोडायला निघाला. "तळवा उजवीकडं कलवा... अजून थोडा... आता," गुरुजी म्हणाले, आणि तिळाचे दोन-तीन काळे दाणे पाण्याबरोबर अंगठ्याच्या मुळाशी घसरून ताम्हणात पडताना आम्हाला स्पष्ट दिसले. गुरुजी पुढं सरकून पडद्याकडं बघत होते. "हेच पाहिजे होतं," ते म्हणाले.

दुसरा पिंड ठेवायच्या वेळी आमच्याकडं वीज गेली. राउटर बंद, गुरुजी पडद्यावरून गायब. याची तयारी तालमीत झाली होती: संबंध तुटला तर कर्त्यानं पाटावरून उठायचं नाही, हातातलं खाली ठेवायचं नाही, काही बोलायचं नाही. माझ्या फोनच्या डेटावरून आम्ही तीन-चार मिनिटांत परत जोडलो गेलो. दादा पिंड हातात धरून तसाच बसलेला होता. गुरुजींनी पहिला पिंड झाला का एवढं विचारून घेतलं आणि दुसऱ्यापासून पुढं नेलं. राउटर इन्व्हर्टरवर नसेल तर फोनचा डेटा आधीच चालू करून, लॅपटॉप एकदा त्यावर जोडून बघून ठेवावा; अंधारात पासवर्ड शोधणं फार अवघड जातं.

तिसरा पिंड तिथल्या दोनच्या सुमारास ठेवला गेला, म्हणजे अपराह्ण संपायला अर्धा तास होता. काकबळी वहिनींनी मागच्या अंगणात ठेवला. कावळे तिथंही आहेत. पिंड नदीत सोडायला तिथं चालत नाही, तेव्हा ते बादलीभर पाण्यात विरघळवून स्वतःच्याच आवारातल्या झाडाच्या मुळाशी घालायला गुरुजींनी सांगितलं. एकला आम्ही घरी निघालो.

एवढ्यावर संपत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. वार्षिक श्राद्धाचं तिलतर्पण दुसऱ्या दिवशी असतं. रविवारी दादाचे सकाळचे आठ, आपले संध्याकाळचे साडेसहा, असा वीस मिनिटांचा दुसरा संबंध जोडला. त्याआधी सकाळीच मी गुरुजींकडं आणि त्यांच्या शेजारच्या एका वैदिकांकडं शिधा पोचवला होता: तांदूळ, तूरडाळ, गूळ, तूप, भाजी, आमसूल, आणि दादाच्या पैशाची दक्षिणा. तर्पणाला दादाला आता सांगावं लागलं नाही, तळवा आपोआप कलला.

गुरुजींना मी विचारलं, आणखी काय काय असं होऊ शकतं? सत्यनारायण, गणपतीची प्राणप्रतिष्ठा, वार्षिक श्राद्ध ते व्हिडिओवर सांगतात, कर्ता स्वतः बसणार असेल तर. मुंज सांगत नाहीत, कारण बटूच्या कानात गायत्री सांगायची असते. दहाव्या-अकराव्याचं सांगत नाहीत. आणि कर्ता फक्त बघणार असेल तर ते सरळ नाही म्हणतात. त्यापेक्षा बेळगावातल्या नातेवाइकाला अधिकार देऊन इथंच, इथल्या वेळेनं करा, असं सुचवतात.

पुढच्या वर्षीसाठी त्यांनी मला एवढंच सांगून ठेवलंय: दिवाळीच्या आधी ये, दादाच्या गावचा सूर्योदय-सूर्यास्त घेऊन ये. आणि दादानं गाव बदललं, टेक्सासला वगैरे गेला, तर ते आधी सांग. अपराह्ण पुन्हा मोजावा लागेल.